घरच्या नॅसची क्लाउडवरची प्रत: काय पाठवायचं, काय मागे ठेवायचं

प्रश्न: गोव्यात साखळीला आमच्या घरी सिनॉलॉजीचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारी पेटी आहे, ४ टीबीच्या दोन डिस्क मिरर केलेल्या. ३.१ टीबी भरलाय: सिनेमे १.१ टीबी, दोन लॅपटॉपच्या अख्ख्या डिस्कच्या इमेज ६०० जीबी, फोटो-व्हिडिओ ५६० जीबी, सीसीटीव्ही ५०० जीबी, बाबांच्या भजनांची आणि नाटकांची रेकॉर्डिंग १८० जीबी, डाउनलोड ९५ जीबी, कचरापेटी ४० जीबी, कागदपत्रं २५ जीबी. गूगलचा २ टीबीचा प्लॅन घेऊन क्लाउड सिंक लावलंय. फायबरवर अपलोड ४० एमबीपीएस मिळतं. सगळं बसणार नाही हे दिसतंय. काय वगळू? आणि घराबाहेरची प्रत म्हणून एवढं पुरेल का?

उत्तर: पुरणार नाही. म्हणून आधी तेच बघू, कारण काय वगळायचं हे त्यावरच ठरतं.

क्लाउड सिंकचं काम दोन जागा सारख्या ठेवण्याचं. इकडची फाइल गेली की तिकडचीही जाते, इकडची बिघडली की बिघडलेलीच तिकडे पोचते. डिचोलीतल्या एका घरी मुलीच्या फोनवर जागा संपत आली, म्हणून तिने फोनवरच्या ड्राइव्हमधून जुन्या फोटोंचा फोल्डर काढून टाकला. तिच्या मते ती फोन मोकळा करत होती. सिंकची दिशा `Bidirectional` होती, त्यामुळे नॅसवरचा मूळ फोल्डरही गेला. घरच्यांच्या लक्षात आलं तेव्हा दोन महिने उलटले होते, आणि गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. मला बोलावलं तेव्हा सिंकच्या नोंदींत एकाच दुपारच्या, एकामागून एक शेकडो ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत एक फाइल पुसल्याची नोंद. बिघाड कशातच नव्हता. सांगितलं तेच यंत्राने केलं होतं. जुन्या लॅपटॉपवर थोडे फोटो सापडले, बाकीचे गेले.

तेव्हा आज उठून आधी एवढं करा: क्लाउड सिंकमध्ये त्या कामाची दिशा `Upload local changes only` करा आणि `Don't remove files in the destination folder when they are removed in the source folder` यावर टिक करा. एवढ्याने पुसणं पसरायचं थांबेल. पण फाइल बिघडली, किंवा खंडणीवाल्या व्हायरसने कुलूपबंद केली, तर ती बिघडलेली फाइल चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसेलच. ड्राइव्ह जुनी आवृत्ती काही दिवस ठेवतो खरा, पण हजारो फोटो एकेक उघडून मागच्या आवृत्तीवर नेणं कोणाच्याच हातून होत नाही.

म्हणून घराबाहेरच्या प्रतीचं काम सिंककडून काढून हायपर बॅकअपकडे द्या. हे पॅकेज तुमच्या नॅसवर फुकट चालतं. ते दर रात्री त्या दिवसाची एक आवृत्ती तयार करतं, बदललेला भाग तेवढाच वर पाठवतं, आणि नंतर तुम्ही ‘तीन आठवड्यांपूर्वीचा फोल्डर दाखव’ म्हणालात तर पूर्ण फोल्डर तसाच समोर आणतं. जुन्या आवृत्त्या किती ठेवायच्या यासाठी `Smart Recycle` निवडा. त्यात शेवटच्या महिन्याच्या रोजच्या आवृत्त्या राहतात आणि त्याआधीची दर आठवड्याची एक. हा नियम लक्षात असू द्या, सीसीटीव्हीचं गणित त्याच्यावरच उभं आहे.

हायपर बॅकअप गूगल ड्राइव्हवरही जातं, पण मी तिथे ठेवायला सांगणार नाही. त्या २ टीबीत तुमचं जीमेल आणि फोनचे फोटोही आहेत. बॅकअप वाढत वाढत जागा संपली की येणाऱ्या मेल परत जायला लागतात, आणि त्याचं कारण नॅस आहे हे कोणाच्या डोक्यात येत नाही. बॅकब्लेझ बी२ किंवा ॲमेझॉनच्या एस३सारखी वेगळी साठवण घ्या. वापराल तेवढ्याचेच पैसे पडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बी२चा दर टीबीमागे महिन्याला ६ डॉलर झाला. घेण्याआधी आजचा दर पाहून घ्या. दर पाहताना डेटा परत खाली उतरवण्याचे किती पडतात तेही बघा. साठवणीच्या दरापेक्षा तिथेच खिसा जास्त कापला जातो. बी२वर महिन्याच्या सरासरी साठ्याच्या तिप्पट उतरवणं मोफत आहे, त्यामुळे घरासाठी मी तेच सुचवतो. हायपर बॅकअपमध्ये ते एस३ प्रकार निवडून, सर्व्हरचा पत्ता हाताने भरून जोडता येतं.

आता वगळण्याकडे. प्रत्येक फोल्डरला दोन प्रश्न विचारा: हे गेलं तर परत कुठून मिळेल का, आणि हे किती वेळा बदलतं? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. बिल फुगतं ते दुसरा विसरल्यामुळे.

सिनेमे आणि डाउनलोड यांना पहिलाच प्रश्न पुरतो. सगळं परत मिळतं, म्हणून १.२ टीबी तिथेच गळाला. कचरापेटीही नको. शेअर फोल्डर निवडताना आत `#recycle` दिसला तर त्याची टिक काढा. फक्त डाउनलोडवर एकदा नजर फिरवा. लोकांनी बँकेची स्टेटमेंट आणि लग्नाच्या व्हिडिओची एकुलती एक प्रत तिथे ठेवलेली मी पाहिली आहे. असलं काही सापडलं तर योग्य फोल्डरमध्ये हलवा आणि मग डाउनलोड वगळा.

सीसीटीव्हीचे ५०० जीबी त्याच आकाराचे दिसत राहतात, पण ते स्थिर नाहीत. कॅमेरे रोज नवं लिहितात आणि सर्वांत जुनं पुसतात. तुमच्याकडे सुमारे २० दिवसांचं चित्रण राहत असेल असं धरू. म्हणजे रोज २५ जीबी नवं. ४० पैकी ३२ एमबीपीएस बॅकअपला दिले तर ते वर चढायला रात्रीचे पावणेदोन तास जातील, हे एक वेळ सोसेल. खरी अडचण आवृत्त्यांची. नॅसवरून जुनं पुसलं गेलं तरी बॅकअपच्या आठवड्याच्या आवृत्तीत ते असतं, आणि प्रत्येक आवृत्तीत २० दिवसांचं चित्रण असल्यामुळे आठवड्याला एकच आवृत्ती ठेवली तरी एकही दिवस मधून निसटत नाही. थोडक्यात, घरी २० दिवस ठेवायचं ठरवलेलं सगळं चित्रण क्लाउडवर साठतच राहतं: वर्षाला ९ टीबीहून जास्त. तुम्ही ५०० जीबी पाठवायचं म्हणाल आणि वर्षअखेर बिल त्याच्या कितीतरी पट येईल. तेव्हा सीसीटीव्ही पूर्ण वगळा. चोरी किंवा अपघाताचं चित्रण जपायचं असेल तर तेवढीच क्लिप काढून कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ठेवा.

लॅपटॉपच्या इमेजचाही रोग हाच, फक्त तो सावकाश वाढतो. पूर्ण इमेज ही दाबून बांधलेली एकच मोठी फाइल असते. पुढच्या महिन्याची इमेज आतून बरीचशी तीच असली तरी बाहेरून वेगळी दिसते, त्यामुळे बदललेला भाग ओळखायला काही सापडत नाही आणि जवळजवळ सगळी फाइल नव्याने चढते. इमेज घरात ठेवा. लॅपटॉपची डिस्क मेली तर ती उपयोगी आहेच. पण घरच पाण्यात गेलं तर त्या लॅपटॉपमध्ये जुनं विंडोज परत बसवायची वेळ कोणावर येत नाही, लागतात त्या आतल्या फाइली. म्हणून लॅपटॉपमधले डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप साध्या फाइली म्हणून नॅसवर येऊ द्या आणि तेवढंच पुढे पाठवा. दोन्ही लॅपटॉपचे मिळून ६० जीबी धरतो.

आणखी कुठे असं सतत बदलणारं लपलंय का ते शोधायचं असेल तर एसएसएच, म्हणजे संगणकावरून नॅसला आज्ञा लिहून देण्याची सोय, चालू करून हे चालवा:

```
sudo find /volume1 -type f -mtime -7 -size +100M
```

गेल्या सात दिवसांत बदललेल्या, १०० एमबीहून मोठ्या फाइलींची यादी येईल. नव्या व्हिडिओंच्या फाइली दिसल्या तर काळजी नाही. त्याच त्या फाइली दर आठवड्याला दिसत असतील, आउटलुकची `.pst` किंवा व्हर्च्युअल मशीनची डिस्क, तर तिथे थांबून विचार करा. एसएसएचची भीती वाटत असेल तर स्टोरेज ॲनालायझर पॅकेज मोठ्या आणि दुहेरी फाइलींची यादी काढून देतं, तेही चालेल. काम झालं की एसएसएच बंद करा.

फोटोंच्या ५६० जीबीत मात्र घाई करू नका. जुन्या फोनचा बॅकअप, त्याची कॉपी, मग नव्या फोनवर गेलेलं तेच सगळं पुन्हा, असे थर प्रत्येक घरी असतात, आणि व्हॉट्सॲपवर आलेले शुभेच्छांचे व्हिडिओ वेगळेच. यातलं १०० जीबी सहज निघेल. पण आवरताना फाइली पुसू नका. ‘आवरायचे’ नावाचा फोल्डर करून तिकडे हलवा आणि बॅकअपमधून फक्त तो वगळा. चवथीला सगळे घरी आले की एकदा बसून बघा. त्यात कोणाचा तरी एकमेव फोटो निघतोच. वगळण्याची यादी दर वर्षी बदलता येते, पुसलेलं परत येत नाही. तुमच्या बाबतीत ११० जीबी बाजूला गेले असं धरून ४५० उरतात.

रेकॉर्डिंगच्या १८० जीबीला हात लावू नका. मूळ कॅसेट आता वाजत नसेल तर ही फाइल हेच मूळ. एकाच भजनाची `.wav` आणि `.mp3` दोन्ही असतील तर `.mp3` वगळायला हरकत नाही, ती `.wav`वरून पुन्हा करता येते. मात्र केवळ `.mp3`च असलेलं काही राहून जाणार नाही याची खात्री करा. एक्स्टेन्शनवरून सरसकट चाळणी लावली की ते नेमकं राहून जातं, म्हणून इथे फोल्डर बघून हाताने ठरवा.

कागदपत्रांच्या २५ जीबीवर डोकं खर्च करू नका, सगळं पाठवा. जमिनीचा एक-चौदाचा उतारा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो हे खरं, पण पोर्तुगीज काळचं वारसाहक्काचं इन्व्हेंटारियो आणि वाटणीचे जुने कागद ज्या अवस्थेत स्कॅन झालेत त्या अवस्थेत पुन्हा मिळणार नाहीत. कोणता कागद कशात मोडतो हे ठरवायला जितका वेळ जाईल, त्याहून कमी वेळात सगळे वर चढतील.

चुकून वगळली जाते अशी एक गोष्ट सांगतो. फोटोंच्या ॲपमध्ये तुम्ही लावलेले अल्बम, चेहऱ्यांना दिलेली नावं, हे फोटोंच्या फोल्डरमध्ये नसतं, ॲपच्या डेटाबेसमध्ये असतं. फोल्डर परत आणला तर फोटो येतील, पण आजोबांच्या पिढीतले कोण कोण ते बाबांनी बसून सांगितलेलं येणार नाही. हायपर बॅकअपचं काम तयार करताना फोल्डरनंतर ॲप्लिकेशनची यादी येते. लोक तिथे नुसतं पुढे जातात. त्यात फोटोंचं ॲप दिसलं तर टिक करा. तुम्ही डॉकरमध्ये दुसरं एखादं फोटो ॲप चालवत असाल, तर त्याच्या चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलू नका, कारण लिहिणं अर्धवट असताना उचललेला डेटाबेस परत उघडेलच असं नाही. त्या ॲपमधूनच रोजची डेटाबेस-प्रत काढायची सोय लावा आणि ती पाठवा. उलट त्याने तयार केलेली छोटी चित्रं खुशाल वगळा, ती पुन्हा बनतात.

एकूण झाले ४५० अधिक १८० अधिक २५ अधिक ६०, म्हणजे ७१५ जीबी. अपलोड ४० मिळतं, त्यातले ३२ बॅकअपला द्या. पूर्ण ४० दिले की घरातल्या व्हिडिओ कॉलचे तुकडे पडायला लागतात, कारण अपलोडची वाट भरली की खाली येणाऱ्या गोष्टींच्या पोचपावत्याही अडकतात. या वेगाने ७१५ जीबीला सुमारे ५० तास लागतात. रात्री ११ ते ६ चालवलं तर कागदावर आठवडा, वीज आणि लाइन यांचा रुसवा धरून दहा-बारा दिवस. सगळा ३.१ टीबी पाठवला असता तर कागदावरच ३१ रात्री. शिवाय अनेक फायबर योजनांवर महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि तिच्यात अपलोडही मोजलं जातं, म्हणजे त्या महिन्यात घरच्यांच्या वापराला जेमतेम २०० जीबी उरले असते.

पहिली फेरी एका दमात पाठवू नका. आधी फक्त कागदपत्रं आणि रेकॉर्डिंग निवडून काम चालवा. पहिली आवृत्ती दोन-तीन रात्रींत पूर्ण होईल. मग त्याच कामात फोटोंचे फोल्डर वर्षावर्षाने जोडत जा. पावसात वीज गेली आणि एखादी रात्र फुकट गेली, तरी तोवर पूर्ण झालेली आवृत्ती जागेवर असते आणि तिच्यात सर्वांत मोलाचं आधीच आलेलं असतं.

काम तयार करतानाच `Enable client-side encryption` यावर टिक करायची, नंतर ती सोय चालू करता येत नाही. कागदपत्रांत आधार, बँक, जमीन सगळं आहे, म्हणून ही टिक हवीच. पासवर्ड दिला की एक `.pem` फाइल तुमच्या संगणकावर उतरते. पासवर्ड आणि ती फाइल, दोन्ही गेली तर क्लाउडवरचे ७१५ जीबी कोणालाच उघडता येणार नाहीत, साठवण देणाऱ्यालाही नाही. आणि बहुतेक घरांत ही किल्ली कुठे असते? त्याच नॅसवर, नाहीतर शेजारच्या लॅपटॉपवर. २३ जुलै २०२१ ला डिचोली-सत्तरीत पाणी चढलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं एकत्रच भिजलं. पासवर्ड कागदावर लिहून आणि `.pem` पेनड्राइव्हवर घालून, नदीपासून दूरच्या नातेवाइकाकडे, म्हणजे समजा फोंड्याला, बंद पाकिटात ठेवा. साठवणीच्या खात्याचं लॉगिनही त्याच पाकिटात. त्या खात्याची ओटीपी पडताळणी ज्या फोनवर येते तो फोनही घरातच असतो, म्हणून खात्याचे रिकव्हरी कोडही छापून त्यात घाला.

नॅस ताब्यात घेणाऱ्याच्या हाती क्लाउडची किल्लीही लागते, म्हणून बी२वर मुख्य किल्ली वापरू नका. बकेट म्हणजे बी२वरचा तुमच्या बॅकअपचा कप्पा. फक्त त्या एका बकेटपुरती वेगळी किल्ली काढा आणि बकेटच्या लाइफसायकल सेटिंगमध्ये जुन्या आवृत्त्या ३० दिवस ठेवायला सांगा. मग नॅसवरून नेहमीच्या पद्धतीने पुसलेलंही महिनाभर तिथे लपलेलं राहतं. ते परत काढणं किचकट आहे, पण निदान काढता येतं. आणि नॅसचं लॉगिन पान थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीवाल्या व्हायरसने दुसऱ्या एका कंपनीचे जे नॅस कुलूपबंद केले, ते असेच बाहेरून दिसणारे होते.

पहिली पूर्ण आवृत्ती झाली की परत आणून बघा, आणि तेही नॅस न वापरता, कारण खरी वेळ येईल तेव्हा नॅस नसेलच. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर हायपर बॅकअप एक्सप्लोरर बसवा, पाकिटातल्या पासवर्डने क्लाउडवरची प्रत उघडा, थेट उघडत नसेल तर ती आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि तीन गोष्टी बाहेर काढा: एक जुना कागद, एक रेकॉर्डिंग, दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटोंचा फोल्डर. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत वाजवा. फाइलींची संख्या नॅसवरच्या फोल्डरशी ताडून बघा. कमी भरली तर एखादी चाळणी जास्त कडक लागली आहे. हे वर्षातून दोनदा करा, त्यातली एक वेळ मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी. अधेमधे प्रत शाबूत आहे का ते तपासणारा `Integrity Check`ही वेळापत्रकावर लावून ठेवा.

शेवटी पैशांचं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे भारतीय कार्डांवरून परदेशी कंपन्यांची दरमहाची आपोआप वसुली बऱ्याचदा अडते. वसुली अडली की कंपनी मेल पाठवते, मग खातं बंद करते आणि काही काळाने डेटा पुसते. ती मेल तुम्ही रोज उघडता त्याच पत्त्यावर येईल असं बघा, आगाऊ रक्कम भरायची सोय असेल तर ती वापरा, आणि नॅसच्या `Notification`मध्ये बॅकअप अयशस्वी झाल्याची सूचना चालू करा. यशस्वी झाल्याची रोजची सूचना बंदच ठेवा, नाहीतर महिन्याभरात दोन्ही न वाचताच पुसल्या जातील.